सगळ्यांना एकदम हसू यावं म्हणून

भाषणाची सवय नसलेल्या माणसावर भाषणाची पाळी येते ती बहुधा निरोप समारंभात. कचेरीतलं कुणीतरी निवृत्त होत असतं, त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेला सहकारी म्हणून आपलं नाव पुढे येतं आणि आयोजक बजावतात, "दोनच शब्द, पण जरा हसतंखेळतं होऊ द्या." मग कँटीनमध्ये ज्या किश्श्यावर चौघांना ठसका लागला होता, तोच किस्सा आपण व्यासपीठावरून सांगतो. पुढच्या दोन रांगा हसतात, मधल्या रांगा त्या हसणाऱ्यांकडे बघतात आणि कडेला बसलेल्या पाहुण्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही.

किस्सा तोच, सांगणाराही तोच. बदललेले असतात ते ऐकणारे. कँटीनमधल्या चौघांना किश्श्यातली माणसं, त्यांच्या सवयी, मागचं-पुढचं सगळं ठाऊक होतं, म्हणून ते एकाच क्षणी हसले. सभागृहात दोनशे माणसं असतात आणि प्रत्येकाला ठाऊक असलेलं वेगळं असतं. कुणाला विनोद तत्काळ कळतो, कुणाला दोन सेकंदांनी, कुणाला शेजाऱ्याला विचारल्यावर. आणि हसायला तर सोबत लागते. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी अभ्यासकानं विद्यार्थ्यांना आपण कधी हसलो याच्या नोंदी ठेवायला लावल्या, तेव्हा एकट्यानं हसण्यापेक्षा सोबतीत हसण्याचं प्रमाण सुमारे तीसपट निघालं. शेजारचा हसला की आपल्याला हसू येतं. शेजारचा गप्प असला की आपलंही अर्ध्यावर विरतं. म्हणूनच तुकड्यातुकड्यांनी आलेल्या हसण्याचा हशा होत नाही.

विनोदाचं टायमिंग म्हणतात ते मुळात हेच आहे : वेगवेगळी माहिती घेऊन आलेल्या सगळ्या माणसांना एकाच क्षणी शेवटच्या शब्दापाशी आणून सोडायचं. कुठे थांबायचं आणि काय टाळायचं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात. एका साध्या किश्श्यावर ती करून पाहू.

अण्णांची बाकी

समजा, एसटीच्या एखाद्या आगारातले कंडक्टर निवृत्त होत आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. समोर ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपमधले मेकॅनिक, महिला कंडक्टर, आगार व्यवस्थापक आणि युनियनचे पुढारी आहेत. पहिल्या रांगेत अण्णांच्या पत्नी, मुलगी, हुबळीचे कानडी बोलणारे जावई आणि शाळकरी नातवंडं. अण्णांची ख्याती अशी की सुट्टे पैसे त्यांच्याकडे कधीच नसायचे. वक्त्यानं त्यावरून त्यांच्या लग्नाचा एक किस्सा रचला आहे. तो रचलेला आहे हे सगळ्यांना कळतं, त्यामुळे खरं-खोटं कुणी विचारत नाही.

पहिल्या प्रयत्नात तो असा सांगितला जातो : "अण्णांच्या लग्नात भटजींनी एकशे एक रुपये दक्षिणा मागितली, पण अण्णांकडे शंभरचीच नोट होती आणि वरचा रुपया सुट्टा नव्हता, म्हणून अण्णांनी 'उतरताना घ्या' असं भटजींना लग्नपत्रिकेच्या मागे बाकी एक रुपया लिहून देऊन सांगितलं, म्हणजे आपण गाडीत पॅसेंजरला सांगतो ना, तसं."

आता हाच किस्सा दुसऱ्यांदा : "अण्णांचं लग्न. भटजींनी दक्षिणा मागितली, एकशे एक. अण्णांनी शंभरची नोट दिली. वरचा रुपया काही सापडेना. अण्णांनी लग्नपत्रिका घेतली. उलटी केली. खिशातून पेन काढलं आणि मागे लिहिलं : बाकी एक रुपया. पत्रिका भटजींच्या हातात दिली आणि म्हणाले, 'उतरताना घ्या.'"

माहिती दोन्हींत सारखीच आहे. पण पहिल्या रूपात हसू आणणारे दोन शब्द वाक्याच्या पोटात दडले आहेत आणि त्यांच्यानंतर डझनाहून अधिक शब्द येत राहतात. दुसऱ्या रूपात त्यांच्यानंतर काहीच नाही.

इथे मराठीचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं आणि कुणाचं बोलणं सांगायचं झालं तर शेवटी 'असं ते म्हणाले' हे शेपूट लागतं. छापील मजकुरात ते खटकत नाही. बोलताना मात्र गमतीचा शब्द येऊन जातो, ऐकणाऱ्याचं तोंड उघडतं आणि त्याला दिसतं की वक्त्याचं बोलणं अजून चालूच आहे. सभ्य माणूस तेव्हा हसू गिळतो. गिळलेलं हसू परत येत नाही. म्हणून 'म्हणाले' आधी घ्यायचं आणि अवतरणातला शब्द शेवटी ठेवायचा.

गमतीची गोष्ट नाम असेल, तर तीही क्रियापदाच्या पलीकडे ढकलायची. "तिकिटांच्या पेटीत अण्णांचा डबा निघाला" यात 'निघाला'वर आवाज पडतो आणि डबा मागे राहतो. "पेटी उघडली, आणि आत निघालं काय, तर अण्णांचा डबा" असं म्हटलं की डबा शेवटी येतो. त्याआधीच्या 'काय, तर'मध्ये थांबायची जागाही आपोआप मिळते. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्याला प्रश्न विचारणारा एक जोडीदार असतो. तो 'मग काय झालं?' म्हणतो, तेवढ्यात प्रेक्षक कान टवकारतात आणि सोंगाड्याला उत्तर फेकायची संधी मिळते. एकट्या वक्त्याला तो जोडीदार नसतो. 'काय, तर', 'का, तर', 'कुणी, तर' हे शब्द त्याचं काम करतात. मात्र एका भाषणात ते एकदाच वापरावेत. दुसऱ्यांदा 'काय, तर' आलं की श्रोत्यांना पुढे विनोद येतोय याचा सुगावा लागतो.

शब्दाच्या आधी किती थांबायचं

भाषणकलेच्या वर्गात हमखास मिळणारा सल्ला असा की विनोदाच्या शेवटच्या वाक्याआधी मोठा पॉज घ्या. हा सल्ला अर्धाच खरा आहे. साल्वातोरे अत्तार्दो आणि लूसी पिकरिंग या भाषाभ्यासकांनी २०११ मध्ये लोकांनी सांगितलेल्या विनोदांची ध्वनिमुद्रणं मोजून पाहिली. शेवटच्या वाक्याआधी सांगणारे ठरवून थांबतात असं काही त्यात दिसलं नाही आणि बोलण्याचा वेगही तिथे खास बदललेला नव्हता. ते विनोद इंग्रजी होते आणि समोरासमोर सांगितलेले होते, त्यामुळे व्यासपीठासाठी त्यातून नियम काढता येत नाही. पण पॉज घेतल्यावाचून विनोद होतच नाही, ही समजूत त्यानं मोडते.

शब्दाच्या आधी थांबायचं ते श्रोत्याला त्या वेळात काही काम असेल तरच. हे काम दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे मनात चित्र उभं करणं आणि दुसरं म्हणजे चुकीचा अंदाज बांधणं. आपल्या किश्श्यात 'मागे लिहिलं' इथे चित्र आहे. वक्त्यानं एका तळहातावर दुसऱ्या हातानं लिहिल्याची खूण करावी आणि खरोखर लिहायला जेवढा वेळ लागेल तेवढा घ्यावा. ही लांब विश्रांती श्रोत्यांना खटकत नाही, कारण त्यांचे डोळे हाताकडे लागलेले असतात. 'म्हणाले'नंतर मात्र श्वास घेण्यापुरतंच थांबायचं. तिथे सेकंदभर रेंगाळलात तर समोरचा एखादा तरबेज ड्रायव्हर तुमच्याआधी ओरडतो, "उतरताना घ्या!" हशा येतो, पण तो त्याचा.

मार्क ट्वेन हा अमेरिकी लेखक व्याख्यानांचे दौरे करून पैसा आणि कीर्ती मिळवणारा. १८९५ मध्ये गोष्ट कशी सांगावी यावर लिहिलेल्या निबंधात त्यानं हाच धोका सांगितला आहे : विश्रांती कमी पडली तर मुद्दा निसटतो, जास्त झाली तर पुढे धक्का आहे हे श्रोते ओळखतात आणि मग त्यांना धक्का बसत नाही. ती किती लांब असावी याचा आकडा त्यानं दिलेला नाही, कारण ती समोरच्या माणसांवर ठरते. चार ओळखीच्या माणसांपुढे ती जवळजवळ नको असते, अनोळखी आणि संमिश्र सभेत थोडी जास्त लागते.

'श्वासभर' किती हे जोखताना वक्त्याची फसगत होते. रोजच्या गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातली फट फारच लहान असते. दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ती सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढी निघाली. या सवयीमुळे व्यासपीठावर अर्धा सेकंद गप्प राहिलं तरी वक्त्याला ते युगासारखं वाटतं आणि तो घाईनं पुढचा शब्द उच्चारतो. समोरच्यांना तो अर्धा सेकंद जाणवलेलाही नसतो. याची खात्री करायची तर किस्सा फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकावा. बोलताना जी विश्रांती लांबलचक वाटली होती ती ऐकताना बहुतेक वेळा सापडतच नाही.

काही वेळा विश्रांती हाच विनोद असतो. जॅक बेनी या अमेरिकी नटाचं रेडिओवरचं पात्र कमालीचं कंजूष होतं. मार्च १९४८ मधल्या एका कार्यक्रमात त्याला रस्त्यात चोर अडवतो आणि विचारतो की पैसे देतोस की जीव. बेनी काहीच बोलत नाही. त्या शांततेतच स्टुडिओतले श्रोते हसू लागतात. चोर पुन्हा दरडावतो, तेव्हा कुठे बेनी सांगतो की थांब, विचार करतोय. एकही शब्द न उच्चारता हशा आला, कारण हा माणूस पैशाला किती चिकट आहे हे ऐकणाऱ्यांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं. तीच शांतता कार्यक्रम पहिल्यांदाच ऐकणाऱ्यापुढे टाकली असती तर त्याला वाटलं असतं, रेडिओ बिघडला. विश्रांती किती लांब घ्यावी हे श्रोत्यांना आधीपासून काय ठाऊक आहे यावर ठरतं, आणि संमिश्र सभेची अडचण नेमकी तिथेच आहे.

आधी पेरायचं, मग थांबायचं

अण्णांच्या समारंभात 'मागे लिहिलं : बाकी एक रुपया' म्हटल्याबरोबर आगारातली मंडळी हसायला लागतील. तिकिटं यंत्रातून निघायला लागण्यापूर्वी, सुट्टे नसले की कंडक्टर छापील तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून द्यायचा आणि प्रवासी ती उतरताना मागून घ्यायचा. हे त्यांनी आयुष्यभर केलं आहे. पण नातवंडांनी तसं तिकीट पाहिलेलंच नाही. पैसे फोनवरून जातात, सुट्ट्यांचं भांडण त्यांच्या वाट्याला येत नाही. जावयांना चाल ठाऊक असेल, पण मराठी शब्द ओळखायला त्यांना क्षणभर जास्त लागेल. म्हणजे एकाच सभागृहात हसू येण्याच्या तीन वेगळ्या वेळा झाल्या.

अशा वेळी वक्ता किश्श्याच्या मध्येच खुलासा करतो. "म्हणजे त्या वेळी कसं असायचं, तर..." एवढ्यानं विनोद मरतो, कारण ज्यांना ठाऊक आहे ते कंटाळतात आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना विनोद ऐकायचा की माहिती, ते कळत नाही. खुलासा करायचाच, पण किश्श्याच्या कितीतरी आधी आणि गंभीर चेहऱ्यानं. अण्णांच्या नोकरीचा काळ सांगताना वक्त्यानं सहज म्हणावं : "तेव्हा मशीन नव्हतं. ट्रेमध्ये रंगीत तिकिटांचे गठ्ठे असायचे. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून द्यायचा. प्रवासी विचारायचा, कधी मिळणार? कंडक्टर म्हणायचा, उतरताना घ्या." इथे कुणी हसावं अशी अपेक्षा नाही. जुने लोक मान डोलावतील आणि नातवंडांना एक नवी गोष्ट कळेल. मग वक्ता अण्णांच्या कामाबद्दल, घाटात गाडी बंद पडलेल्या रात्रीबद्दल किंवा आणखी कशाबद्दल बोलेल. दोन-तीन मिनिटांनी लग्नाचा किस्सा येईल तेव्हा 'उतरताना घ्या' हे शब्द सगळ्यांच्या कानात असतील आणि आठवायला सारखाच वेळ लागेल.

पेरणी आणि किस्सा यांच्यात अंतर किती असावं? लागोपाठ आले तर पेरणी ही तयारी होती हे उघड होतं आणि शेवट आधीच कळतो. फार लांब गेले तर पेरलेलं विसरतं. दहा मिनिटांच्या भाषणात मध्ये एक वेगळा विषय येईल एवढं अंतर पुरतं. पेरलेले शब्द मात्र तेच असायला हवेत. आधी 'नंतर घ्या' म्हटलं आणि किश्श्यात 'उतरताना घ्या', तर कानाला खूण पटत नाही.

जावयांसाठी हाताची खूण उपयोगी पडते. पत्रिका उलटी करणं आणि तळहातावर लिहिणं डोळ्यांना कळतं, भाषा आडवी येत नाही. याउलट श्लेषावर उभा असलेला विनोद, ज्यात एका शब्दाचे दोन अर्थ ठाऊक असल्याशिवाय काहीच हाती लागत नाही, तो मिश्र भाषेच्या सभेत सगळ्यांत आधी गाळावा. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांत हीच गोष्ट ठळक दिसते. आईवडील श्लेषाला दाद देतात, तिथेच वाढलेली मुलं त्यांच्या तोंडाकडे बघत राहतात. माणसाच्या सवयीवर रचलेल्या विनोदाला मात्र मुलंही मोठ्यांबरोबर हसू शकतात.

हशा आल्यावर

नवख्या वक्त्याचं शब्दाआधी जेवढं चुकतं, त्यापेक्षा शब्दानंतर जास्त चुकतं. हशा आला की त्याला इतकं हायसं वाटतं की तो लगेच पुढचं वाक्य सुरू करतो. श्रोत्यांना ते ऐकायचं असतं, म्हणून ते हसणं आवरतात. असं दोनदा झालं की तिसऱ्या विनोदाला सभा हसायचं टाळते, कारण हसलो तर पुढचं बुडतं हे तिनं शिकून घेतलेलं असतं.

हशा झपाट्यानं चढतो, क्षणभर टिकतो आणि हळूहळू उतरतो. चढताना आणि टिकलेला असताना तोंड मिटून ठेवायचं. तो उतरणीला लागला, अर्ध्याहून जास्त ओसरला, पण पूर्ण शांतता झालेली नाही, अशा वेळी बोलायला सुरुवात करायची. पूर्ण शांततेची वाट पाहिली तर वक्ता आणखी हशा मागतोय असं वाटतं. संमिश्र सभेत पहिल्या लाटेमागून बहुतेक वेळा दुसरी लहान लाट येते, उशिरा कळलेल्यांची किंवा शेजाऱ्यानं समजावून सांगितलेल्यांची. तिच्यासाठी थोडं अधिक थांबावं लागतं. म्हणून हशानंतरचं पहिलं वाक्य असं ठेवावं की ते बुडालं तरी चालेल. "तर असे हे आपले अण्णा." त्यात नवीन काहीच नाही, कुणाला ऐकू आलं नाही तरी बिघडत नाही. महत्त्वाचं वाक्य त्याच्यानंतर.

जागा मोठी असली की या सगळ्याला वेळ जास्त लागतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. व्यासपीठाजवळच्या कर्ण्यांपासून शंभर मीटरवर बसलेल्यांना शब्द सुमारे पाव ते तृतीयांश सेकंद उशिरा पोचतो आणि त्यांचं हसू वक्त्यापर्यंत यायला तेवढाच वेळ लागतो. म्हणजे मैदानात सगळ्यांत मागचा हशा अर्ध्या सेकंदाहून अधिक उशिरानं ऐकू येतो, आणि तोपर्यंत वक्ता 'कुणी हसलं नाही' असं समजून पुढे निघालेला असतो. पत्र्याच्या छताच्या मंगल कार्यालयात अडचण वेगळी. तिथे आवाज घुमतो आणि वाक्याचा शेवटचा शब्द आधीच्या शब्दांच्या घुमण्यात मिसळतो. त्यातच शेवटी आवाज खाली टाकायची आपली सवय. खाली गेलेला शब्द म्हणजे नेमका गमतीचाच शब्द. तो मोठ्यानं बोलायची गरज नसते. माईकपासून मान न वळवता तो तुटक आणि सुटा उच्चारला की पुरतं. सत्कारमूर्तीकडे बघत 'उतरताना घ्या' म्हणायचा मोह होतो, तेव्हा तोंड माईकपासून दूर जातं आणि मागच्या रांगांना फक्त 'घ्या' ऐकू येतं.

आणि हशा आलाच नाही तर? दीड-दोन सेकंद वाट पाहून पुढे जायचं. 'कळला का जोक?' असं विचारायचं नाही, पुन्हा सांगायचंही नाही. हे सोपं व्हायला किश्श्यानंतरचं वाक्य आधीच तयार असावं लागतं, आणि ते हशा आला तरी चालेल, न आला तरी चालेल असं हवं. अण्णांच्या बाबतीत ते असं : "पण एक सांगतो. लिहून दिलेली बाकी अण्णांनी कधी बुडवली नाही." लोक हसले असतील तर या वाक्यानं सभा आदराकडे वळते. हसले नसतील तर आधीचा किस्सा अण्णांच्या चोख हिशेबाची प्रस्तावना ठरतो. वक्ता पडला हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

काय टाळायचं

आता 'टाळायचं' म्हटल्यावर वक्ते मनात यादी करतात : जात नको, धर्म नको, पक्ष नको. यादी चुकीची नाही, पण ती पुरत नाही. अण्णांच्या किश्श्यात भटजी आहेत. मग तो गाळायचा का? याला एक सोपी परीक्षा आहे. किश्श्यातला माणूस बदलून पाहायचा. भटजींच्या जागी बँडवाला घाला. बँडवाल्यानं एकशे एक मागितले, अण्णांनी पत्रिकेमागे बाकी लिहिली आणि म्हणाले, 'उतरताना घ्या.' किस्सा जसाच्या तसा उभा राहतो, कारण हसू अण्णांच्या सवयीचं आहे आणि समोरचा कोण याला महत्त्व नाही. आता वक्त्यानं भटजी नाकात बोलतात, दक्षिणेसाठी हात पुढे करतात अशी नक्कल केली असती तर बँडवाला घालून चाललं नसतं. तो विनोद भटजींच्या जातीवर जगला असता. माणूस बदलल्यावर जो विनोद मरतो, तो त्या समाजाचा आधार घेऊन उभा होता असं समजावं आणि संमिश्र सभेत नेऊ नये. आणि सभेतल्या अनेकांची लग्नं भटजींशिवाय लागत असतील, तर बँडवालाच ठेवणं अधिक सोयीचं. विनोद तोच राहतो, आणि आपण बाहेरचे आहोत असं कुणाला वाटत नाही.

दुसरी परीक्षा माईकची. निरोप समारंभात ठरलेला विनोद असतो तो निवृत्तीनंतर घरी सुरू होणाऱ्या 'वहिनींच्या राज्या'चा. अण्णा आता भाजी निवडणार, अण्णांचा बॉस आता घरी. वहिनी पहिल्या रांगेत, हातात नारळ, अंगावर शाल. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळतात आणि त्यांना हसावंच लागतं, कारण उत्तर द्यायला त्यांच्या हातात माईक नाही. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यावरचा विनोद, मग ती पत्नी असो, शिपाई असो, की साहेबासमोर उभा असलेला कनिष्ठ कर्मचारी, सभेला अवघडवतो. तेच वाक्य वहिनींनी स्वतः माईक हातात घेऊन म्हटलं तर छत उडेल. वक्त्याला कुणाची थट्टा करायचीच असेल तर ती स्वतःची किंवा आपल्यापेक्षा वरच्या खुर्चीवरच्या माणसाची, आणि तीही त्यानं निवडलेल्या गोष्टीवरची. साहेबांच्या वक्तशीरपणावर हसता येतं, त्यांच्या टकलावर नाही. वक्तशीरपणा त्यांनी जोपासला आहे, टक्कल नाही.

तिसरी गोष्ट बोलीची. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी ढंगात बोलून हशा मिळवणं सोपं वाटतं. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' मालवणीतलं, लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मराठवाडी ढंगातलं, आणि दोन्हींनी सगळ्या महाराष्ट्राला हसवलं. पण त्या दोन्हींत ती बोली बोलणारे लोक आपल्याच गावातल्या माणसांकडे पाहत होते आणि हसू प्रसंगातून येत होतं. बोली हे त्या माणसांचं रोजचं बोलणं होतं. प्रमाण मराठी बोलणारा वक्ता मध्येच एका मेकॅनिकचा आवाज काढण्यासाठी बोलीत शिरतो, तेव्हा गंमत प्रसंगाची न राहता उच्चारांची होते. ही गोष्टही माणूस बदलून तपासता येते : तेच वाक्य प्रमाण भाषेत सांगितलं तर हसू येतं का? येत असेल तर बोलीची गरज नव्हती. येत नसेल तर हसू बोलणाऱ्यांवर होतं.

सभा दुभंगली हे ओळखायची खूण आवाजापेक्षा डोळ्यांना आधी दिसते. विनोद सुरक्षित असतो तेव्हा माणसं समोर बघत हसतात. तो खटकतो तेव्हा ती आधी बाजूला बघतात, जिच्याबद्दल बोललं जातंय त्या व्यक्तीकडे, मग साहेबांकडे, आणि मग ठरवतात. हसणं त्यामुळे एका कोपऱ्यातून सुरू होतं आणि उरलेल्यांपर्यंत पोचतच नाही. असं दिसलं की त्याच विषयावरचा पुढचा किस्सा टाकून द्यावा. कुणी दुखावलं गेल्याचं कळलं तर 'गंमत केली हो, मनावर घेऊ नका' म्हणू नये, कारण त्यात चूक ऐकणाऱ्याची ठरते. 'हे बोलायला नको होतं, माफ करा' एवढं म्हणून लगेच सत्कारमूर्तीकडे वळावं.

भाषणात विनोदाची जागा

शेवटचा प्रश्न जागेचा. पहिल्याच वाक्याला विनोद टाकू नये, कारण तेव्हा सभा स्थिरावलेली नसते. व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घेतली जात असतात, मागे खुर्च्या सरकवल्या जात असतात, माईकवाला आवाज कमी-जास्त करत असतो. पहिली दोन-तीन वाक्यं साधी असावीत. त्यांत आवाज मागे पोचतो का हे कळतं. लोक मागे विखरून बसले असतील आणि पुढच्या रांगा रिकाम्या असतील तर त्यांना आधीच पुढे बोलावून घ्यावं. एसटीच्या समारंभात तर 'पुढे सरका' म्हणण्याचा अधिकार सगळ्यांनाच आहे. माणसं जवळ बसली की हसू एकाकडून दुसऱ्याकडे जातं. मध्ये दोन खुर्च्या रिकाम्या असल्या की ते तिथेच थांबतं.

समारंभाच्या सुरुवातीला दिवंगत सहकाऱ्यांना श्रद्धांजली वाहिली असेल, तर तिच्यानंतर विनोदाआधी गंभीर बोलण्याची काही मिनिटं जावी लागतात. दोन मिनिटं उभं राहिलेल्या सभेला लगेच हसवायला गेलं तर हसणाऱ्यालाच अपराधी वाटतं. डोळे पाणावणारा प्रसंग सांगून झाल्यावरही तसंच. वातावरण हलकं करायचं तर आधी एखादं साधं, माहितीचं वाक्य मध्ये घालावं आणि मग किस्सा सुरू करावा.

आणि मग येते आयोजकांची चिठ्ठी : 'कृपया आवरा.' अशा वेळी वक्ता सगळ्या विश्रांती गाळून किस्से भराभर उरकतो, किंवा पेरणी टाकून देऊन थेट किश्श्यावर येतो. दोन्हींत हशा हातचा जातो. पेरणी झालेली नसेल तर तो किस्सा पूर्ण गाळावा. पेरणी झालेली असेल तर दुसरं काहीतरी गाळून किस्सा त्याच्या ठरल्या वेगानं सांगावा. म्हणून भाषणाच्या कागदावर पेरणीच्या ओळीसमोर आणि तिच्या किश्श्यासमोर पेन्सिलीनं एकच खूण करून ठेवावी, म्हणजे चिठ्ठी आल्यावर घाईत एक ठेवून दुसरं गाळलं जात नाही.